कॅड लॅबचे लायसन्स महाविद्यालयाच्या नावावर घ्या: प्राचार्य आणि संगणक केंद्रप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, मा. विभागप्रमुख (यंत्र अभियांत्रिकी) आणि मा. संगणक केंद्रप्रमुख

सादर नमस्कार.

मी आपल्याच विभागाचा माजी विद्यार्थी. सध्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम करतो. तिथल्या सगळ्या मशीनवरचे ऑटोकॅड चालू ठेवण्याची जबाबदारीही माझ्याकडेच आहे, त्यामुळे लायसन्सच्या अडचणी माझ्या रोजच्या कामाचा भाग आहेत. दांडिया बाजारात राहणारी माझी मावसबहीण आपल्याकडे तिसऱ्या वर्षाला शिकते. लॅबमध्ये साइन-इन होत नाही, लायसन्स संपले असे येते, प्रॅक्टिकलचा अर्धा वेळ त्यातच जातो, हे ती आणि तिच्या मैत्रिणी बरेच दिवस सांगत होत्या. शेवटी लॅब असिस्टंटची परवानगी काढून एका बॅचच्या वेळी मी तिच्याशेजारी बसलो. त्या दुपारी जे पाहिले त्यावरून हे पत्र लिहितो आहे. पत्र जाहीर अशासाठी, की बडोद्यातल्या इतर महाविद्यालयांत शिकणारी आमच्या ओळखीची मुलेही हेच सांगतात, आणि यावरचा उपाय विद्यार्थ्यांच्या हातात नाही. तो आपल्या हातात आहे.

आधी त्या दुपारी काय झाले ते क्रमाने सांगतो.

प्लमर ब्लॉकच्या असेंब्लीचा अर्धच्छेद काढायचा होता. बहिणीने मशीन चालू केले, ऑटोकॅड उघडले. पडद्यावर साइन-इन करा असा निरोप आला आणि ब्राउझर उघडला. त्यात साइन-इनच्या पानाऐवजी कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा होता आणि खाली `NET::ERR_CERT_DATE_INVALID` असे लिहिले होते. मी खालच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहिले. तारीख काही वर्षे मागची होती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की मशीनचा मुख्य पुरवठा बंद होताच घड्याळ मागे जाते. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र विशिष्ट तारखांपुरतेच वैध असते. मशीनला आजची तारीखच ठाऊक नसेल तर प्रमाणपत्र अजून लागू झालेले नाही असा त्याचा समज होतो आणि ते पान उघडायला नकार देते. हा सेल काही रुपयांना मिळतो. पण विद्यार्थ्याला तारीख बदलण्याचा अधिकार नसतो, म्हणून लॅब असिस्टंटला हाक मारावी लागली. ते आले, पासवर्ड टाकला, तारीख लावली. “रोज सकाळी चार-पाच मशीनला हेच करतो,” म्हणाले.

पुन्हा ऑटोकॅड. पुन्हा ब्राउझर. या वेळी पान उघडले, पण ईमेल न विचारताच वरच्या कोपऱ्यात दुसऱ्याच मुलाचे नाव दिसू लागले. सकाळच्या बॅचमधला कोणीतरी साइन-आउट न करताच उठून गेला होता. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर विंडोजचे एकच सामायिक खाते आहे, म्हणजे ब्राउझरही सगळ्यांचा एकच. आदल्याचे खाते पुढच्याला उघडेच मिळते. बहिणीने ते खाते साइन-आउट केले आणि स्वतःचा ईमेल व पासवर्ड टाकला. तिच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली आहे, आणि ती असायलाच हवी. सहा अंकी कोड तिच्या फोनवर गेला. फोन लॅबबाहेरच्या कपाटात, कारण फोन आत आणायचा नाही असा नियम आहे. ती बाहेर जाऊन कोड पाठ करून आली.

कोड बरोबर लागला. ब्राउझरने विचारले, हे अ‍ॅप उघडायची परवानगी द्यायची का? शेजारच्या मशीनवरच्या मुलाने याच प्रश्नाला सवयीने ‘रद्द करा’ दाबले होते, त्यामुळे त्याचे साइन-इन ब्राउझरमध्ये झाले होते पण ऑटोकॅडपर्यंत पोचलेच नव्हते. तो पुन्हा पुन्हा तेच करत बसला होता. नव्या आवृत्त्यांत साइन-इन ब्राउझरमध्ये होते आणि तिथून निरोप प्रोग्रॅमकडे परत यावा लागतो. ही परवानगी नाकारली, किंवा डिफॉल्ट ब्राउझरच बिघडलेला असला, तर मूल योग्य पासवर्ड टाकूनही त्याच जागी फिरत राहते. मी त्याला परवानगी द्यायला सांगितले आणि त्याचे काम सुरू झाले.

बहिणीचा अर्धच्छेद निम्मा झाला असेल, तेवढ्यात वीज क्षणभर गेली. यूपीएस त्या रांगेला नाही. मशीन पुन्हा चालू झाले तेव्हा साइन-इन गेलेले, आणि ड्रॉइंगही गेलेले. इथून पुढचा भाग मला सविस्तर लिहायचा आहे, कारण मूळ इथे आहे.

आपल्या लॅबमध्ये मशीन बंद करून चालू केले की ते मूळ स्थितीत आणणारे सॉफ्टवेअर बसवलेले आहे. ते का बसवले याची मला कल्पना आहे. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतात, मुले खेळ टाकतात, आणि या सॉफ्टवेअरमुळे मशीन रोज सकाळी कोरे मिळते. ते काढा असे मी म्हणत नाही. पण विद्यार्थ्याचे लायसन्स ज्या पद्धतीने चालते, ती पद्धत आणि हे सॉफ्टवेअर एकत्र नांदू शकत नाहीत.

ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीकडून विद्यार्थ्याला शिक्षणासाठी जे लायसन्स मिळते ते त्याच्या नावाचे असते. तो स्वतःचा आयडी काढतो, आपण शिकत असल्याचा पुरावा देतो, पडताळणी झाली की एक वर्षाचा वापर मिळतो आणि पात्र असेपर्यंत दर वर्षी तो पुन्हा घ्यावा लागतो. त्याच्या लॅपटॉपवर एकदा इंटरनेटवरून साइन-इन केले की लायसन्सची नोंद त्या लॅपटॉपवर राहते. त्यानंतर इंटरनेट नसले तरी 30 दिवसांपर्यंत काम चालते. 30 दिवसांत एकदा मशीनने इंटरनेटशी जोडून लायसन्स ताजे करून घ्यायचे, एवढीच अट. मुलांना ‘ऑफलाइन चालते’ असे ठाऊक असते ते हेच.

आता ही नोंद राहते कुठे? साइन-इन केलेल्या विंडोज वापरकर्त्याच्या फोल्डरात, म्हणजे साधारण इथे:

```
C:\Users\<नाव>\AppData\Local\Autodesk
```

लॅबमधले मशीन मूळ स्थितीत आले की सी ड्राइव्ह कालच्यासारखा होतो. साइन-इनची नोंद जाते. म्हणजे 30 दिवसांची सवलत आपल्या लॅबमध्ये पहिल्या दिवसापलीकडे जातच नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला, प्रत्येक वेळी, प्रत्येक मशीनवर नव्याने आणि इंटरनेटवरूनच साइन-इन करावे लागते. ‘लायसन्स सारखे उडते’ अशी जी तक्रार आपल्याकडे येते, तिचे कारण हे आहे. लायसन्स मुलांच्या खात्यात शाबूत असते. ते लॅबच्या मशीनवर टिकत नाही.

ड्रॉइंग गेले त्याचेही कारण हेच, आणि ते तर विषयाबाहेरचे असूनही सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑटोकॅड आपणहून ठरावीक वेळाने, सहसा दर 10 मिनिटांनी, एक `.sv$` फाइल वापरकर्त्याच्या टेम्प फोल्डरात ठेवते. वीज गेली तरी त्या फाइलवरून बरेचसे काम परत मिळते. पण टेम्प फोल्डरही सी ड्राइव्हवर आहे, म्हणून मशीन मूळ स्थितीत येताना तीही फाइल पुसली जाते. ऑटोकॅडमध्ये `SAVEFILEPATH` टाइप करून तो मार्ग डी ड्राइव्हवरच्या फोल्डरात द्यावा, कारण आपला डी ड्राइव्ह पुसला जात नाही. मशीन ज्या मूळ स्थितीत परत येते तिची साठवलेली प्रत, म्हणजे मशीनचे मूळ चित्र, बनवतानाच हे एकदा करून ठेवले तर पुढच्या प्रत्येक बॅचचे काम वाचेल. हे आजच करता येईल. त्याला कोणाची मंजुरी लागणार नाही.

लायसन्सकडे परत येतो. हा ताप टाळण्यासाठी काही ठिकाणी शिक्षकांनी आपला आयडी सगळ्या मशीनवर टाकून दिला आहे, असे मुलांकडून कळले. त्यामागचा हेतू मुलांचे काम थांबू नये हाच आहे, हे मी जाणतो. तरी हे थांबवावे अशी विनंती आहे. नावाचे लायसन्स त्या एकाच व्यक्तीने, एका वेळी एकाच मशीनवर वापरायचे असते. तीस मशीनवर एकच आयडी चालवणे कराराच्या विरुद्ध आहे, आणि काही झाले तर गोत्यात येतो तो त्या शिक्षकाचा आयडी. शिवाय त्या आयडीखाली शिक्षकांच्या स्वतःच्या फाइल्सही उघड्या राहतात.

मग लॅबसाठी योग्य मार्ग कोणता? शैक्षणिक संस्थेला स्वतःच्या नावाने नेटवर्क लायसन्स घेता येते. ते कोणा व्यक्तीच्या नावाचे नसते. लॅबमधला एक संगणक सर्व्हर म्हणून ठेवायचा, त्यावर लायसन्स मॅनेजर बसवायचा, आणि बाकीच्या मशीन ऑटोकॅड उघडताना त्या सर्व्हरकडून एक जागा मागून घेतात. प्रोग्रॅम बंद केला की जागा परत जाते. कार्यालयात चावी देऊन रजिस्टरवर सही घेतात तसा हा व्यवहार आहे. यात विद्यार्थ्याला आयडी लागत नाही, पासवर्ड लागत नाही, फोनवरचा कोड लागत नाही. आणि मशीन सर्व्हरशी बोलते ते लॅबच्या आतल्या तारेवरून, म्हणून बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी काम चालू राहते. मशीन रात्री मूळ स्थितीत आले तरी काही बिघडत नाही, कारण त्याच्यावर जपायची नोंदच नसते. सर्व्हरचा पत्ता तेवढा लागतो आणि तो मूळ चित्रातच लिहिलेला असतो.

इंटरनेट बंद असण्याची गोष्ट मी उगीच काढत नाही. 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, ते दिवस आपण सगळ्यांनी काढले आहेत. पाणी ओसरून वीज आली तरी आपल्या इमारतीचे इंटरनेट लगेच आले नव्हते, असे मुले सांगतात. लॅब वरच्या मजल्यावर, मशीन कोरडी, वीज चालू, आणि तरीही एकही मूल ऑटोकॅड उघडू शकत नव्हते. ज्यांच्या घरी लॅपटॉप होते आणि त्यावर आधीच साइन-इन केलेले होते, त्यांनी त्या दिवसांत आपापल्या शीट पुऱ्या केल्या. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाहीत, जी लॅबवरच अवलंबून आहेत, ती मुले सबमिशनमध्ये मागे पडली. माझा जीव तुटतो तो या मुलांसाठी.

सर्व्हरसाठी मोठा खर्च नाही. लॅबमधलेच एक जुने पण चालू स्थितीतले मशीन पुरते, कारण सर्व्हरवर ड्रॉइंग काढायचे नसते, फक्त जागांचा हिशेब ठेवायचा असतो. मात्र ते मशीन नेमके कसे असावे याबद्दल तीन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्या लागतात. त्याचा आयपी पत्ता कायमचा ठरवलेला असावा. त्यावर मूळ स्थितीत आणणारे सॉफ्टवेअर असू नये. आणि ते यूपीएसवर असावे, झोपेत जाणार नाही असे लावलेले असावे, कारण सर्व्हर बंद म्हणजे सगळी लॅब बंद.

लायसन्सची फाइल त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्याशी बांधलेली असते. अर्ज करताना मशीनचे नाव आणि तो पत्ता द्यावा लागतो, आणि मिळणाऱ्या फाइलच्या सुरुवातीच्या ओळी अशा दिसतात:

```
SERVER labserver 0011223344AA
USE_SERVER
VENDOR adskflex port=2080
```

उद्या सर्व्हरचे नेटवर्क कार्ड किंवा मदरबोर्ड बदलला, तर नवी फाइल मागवावी लागेल. शैक्षणिक लायसन्सला मुदत असते, ती संपण्याआधीही नवी फाइल घालावी लागेल. या तारखेची नोंद एखाद्या व्यक्तीच्या डोक्यात न राहता विभागाच्या वार्षिक कामांच्या यादीत असावी. आमच्या कारखान्यात ती देखभालीच्या फलकावर लिहिलेली असते, कारण माणसे बदलतात.

लॅबच्या मशीनवर, मूळ चित्र उघडे असताना, एवढे करायचे:

```
setx ADSKFLEX_LICENSE_FILE @labserver /M
```

मग ऑटोकॅडमधल्या लायसन्स व्यवस्थापनात जाऊन लायसन्सचा प्रकार बदलायचा, नेटवर्क लायसन्स निवडायचे आणि सर्व्हरचे नाव द्यायचे. चालले की चित्र पुन्हा गोठवायचे. हे एका मशीनवर नीट पार पडले की तेच चित्र बाकी मशीनवर जाते.

यात अडते कुठे तेही सांगतो, म्हणजे पहिल्याच दिवशी निराशा होऊ नये. बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या विंडोजच्या फायरवॉलमध्ये. लायसन्स मॅनेजर 27000 ते 27009 मधल्या पोर्टवर ऐकतो आणि वरच्या फाइलमध्ये दिसते तसे त्याच्या `adskflex` या दुसऱ्या भागासाठी 2080 लागतो. हे उघडे नसतील तर लॅबच्या मशीनवर लायसन्स मिळत नाही आणि उणे 15 हा एरर दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की मशीन सर्व्हरपर्यंत पोचले नाही. उणे 4 दिसला तर सर्व्हर व्यवस्थित आहे, पण सगळ्या जागा वापरात आहेत. हा फरक लॅब असिस्टंटना कागदावर लिहून दिला तरी त्यांचे अर्धे काम हलके होईल. जागा खरोखर कोण धरून बसले आहे ते सर्व्हरवर असे कळते:

```
lmutil lmstat -a -c @labserver
```

वीज जाऊन मशीन अचानक बंद पडले तर त्याची जागा सर्व्हरवर काही वेळ अडकून राहू शकते. म्हणून मशीन जेवढी आहेत त्याहून थोड्या जास्त जागा मागाव्यात. आणखी एक मर्यादा: लायसन्स ज्या आवृत्तीसाठी आहे तीच लॅबमध्ये बसवलेली हवी. वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या असतील, तशा त्या आपल्याकडे आहेत, तर आधी त्या एकसारख्या कराव्या लागतील. हे काम थोडे वेळखाऊ आहे, पण नाही तरी मुलांच्या फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाहीत म्हणून ते करायलाच हवे आहे.

शिक्षकांना किंवा प्रकल्पाच्या गटाला कारखान्यात, शेतावर, कुठे बाहेर लॅपटॉप न्यायचा असेल तर नेटवर्क लायसन्समधून एक जागा उसनी घेता येते. ऑटोकॅडमध्ये `BORROWLICENSE` टाइप करून परतीची तारीख द्यायची. त्या तारखेपर्यंत सर्व्हरशी जोडणी नसली तरी लॅपटॉपवर काम चालते, आणि तारीख झाली की जागा आपोआप परत येते. लवकर परत करायची तर `RETURNLICENSE`. ही मुदत जास्तीत जास्त सहा महिन्यांपर्यंत देता येते, पण ती लहान ठेवावी, कारण उसनी गेलेली प्रत्येक जागा लॅबमधून कमी होते आणि लॅपटॉप हरवला तरी तारखेआधी ती परत मिळत नाही. `adskflex.opt` या फाइलमध्ये `MAX_BORROW_HOURS` लिहून ही मुदत महाविद्यालयालाच आखून देता येते.

याचा अर्थ मुलांनी स्वतःचे लायसन्स घेऊ नये असा नाही. ते घरच्या लॅपटॉपसाठी हवेच. इथेही महाविद्यालयाची एक मदत लागते. पडताळणीत विद्यार्थ्याचे नाव, संस्थेचे नाव आणि चालू वर्ष हे तिन्ही एकाच कागदावर दिसावे लागते. आपल्या ओळखपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम आहे, आणि वर्ष छापलेलेच नाही. मुले अर्जात नाव आधी लिहितात. नाव जुळत नाही, तारीख सापडत नाही, अर्ज परत येतो, आणि मूल समजते की आपल्याला लायसन्स मिळणारच नाही. दर वर्षी प्रवेश झाल्यावर एक बोनाफाईड दाखला इंग्रजीत, त्यावर आधी नाव मग आडनाव, संस्थेचे पूर्ण नाव आणि शैक्षणिक वर्ष अशा नमुन्यात द्यावा. कार्यालयातले लोक हे सहज करू शकतील.

नेटवर्क लायसन्स येईपर्यंत मुलांना साइन-इनवरच काम करावे लागणार. तोवर दोष कुठे आहे हे ओळखायची एक साधी रीत मी त्या दुपारी मुलांना दाखवली, तीच इथे लिहितो. आधी ब्राउझरमधून `manage.autodesk.com` वर आपल्या खात्यात जाऊन ऑटोकॅडचे नाव आणि पुढची तारीख दिसते का पाहायचे. तिथेच नसेल तर लायसन्सच नाही, लॅबला दोष देण्यात अर्थ नाही, पडताळणी पुन्हा करायची. तिथे दिसते पण लॅबच्या मशीनवर चालत नाही, तर तेच मशीन थोड्या वेळासाठी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडायचे. हॉटस्पॉटवर चालले म्हणजे महाविद्यालयाच्या नेटवर्कमध्ये काही तरी अडते आहे. हॉटस्पॉटवरही नाही चालले, तर त्याच मशीनवर विंडोजच्या दुसऱ्या खात्यातून पाहायचे; तिथे चालले तर सामायिक खात्यात कोणाची तरी जुनी नोंद अडकलेली आहे. माझ्या बहिणीच्या मैत्रिणीचे असेच निघाले. खात्यात तारीख दिसत होती, लॅबच्या तारेवर ‘License checkout timed out’ येत होते, आणि तिच्या फोनच्या हॉटस्पॉटवर पहिल्याच खेपेला ऑटोकॅड उघडले.

त्यामुळे संगणक केंद्रप्रमुखांना वेगळी विनंती आहे. आपल्या फायरवॉलमध्ये `*.autodesk.com` मोकळे करावे, आणि सुरक्षित पानांची उकल करून तपासणी करण्याची जी सोय फायरवॉलमध्ये चालू आहे, तिच्यातून हे पत्ते वगळावेत. लायसन्सची पार्श्वभूमीत चालणारी सेवा मधल्या फायरवॉलचे प्रमाणपत्र स्वीकारत नाही आणि वाट पाहून गप्प बसते. पडद्यावर तिचा एवढाच निरोप येतो की वेळ संपली. शिवाय आपल्या वाय-फायच्या पोर्टलमधून मुले ठरावीक वेळाने बाहेर पडतात. ब्राउझरमध्ये ते पोर्टलचे पान पुन्हा भरता येते, पण पार्श्वभूमीतली सेवा ते पान भरू शकत नाही. कॅड लॅबच्या तारेवरच्या मशीनना पोर्टलमधून सूट द्यावी. आणि सर्व मशीनचे घड्याळ महाविद्यालयाच्या एका वेळेशी जुळवलेले राहील असे करावे. सेल बदलेपर्यंत निदान तारीख तरी सकाळी आपोआप बरोबर होईल.

परीक्षेबद्दल एकच मागणी. येत्या प्रॅक्टिकल परीक्षेत साइन-इनमध्ये गेलेला वेळ विद्यार्थ्याच्या वेळातून कापू नये. ऑटोकॅड उघडून कोरा पडदा आला की मग घड्याळ सुरू व्हावे. आणि दुहेरी पडताळणीच्या कोडसाठी फोन पर्यवेक्षकांच्या टेबलावर, त्यांच्या समोर पाहू द्यावा. काही मुलांनी कोडचा त्रास नको म्हणून दुहेरी पडताळणी काढून टाकली आहे. सामायिक मशीनवर ते धोक्याचे आहे, आणि परीक्षेच्या नियमामुळे ते करावे लागू नये.

हे पत्र विद्यार्थ्यांऐवजी आपल्याला लिहिण्याचे कारण सुरुवातीला सांगितले तेच आहे. नेटवर्क लायसन्ससाठी अर्ज विद्यार्थी करू शकत नाही. तो शिक्षक किंवा संस्थेच्या संगणक विभागातील व्यक्तीने, संस्थेच्या ईमेलवरून, स्वतःची पडताळणी करून घेऊन करावा लागतो. म्हणून सर्वांत आधी विभागप्रमुखांनी एका व्यक्तीचे नाव लेखी ठरवून द्यावे. ती व्यक्ती बदलली तर काम अडू नये म्हणून दुसऱ्याही एका व्यक्तीला माहिती द्यावी.

मकरपुऱ्यात शनिवारी मला दुपारनंतर सुट्टी असते. अर्जाची फाइल हातात आली की सर्व्हर बसवायला आणि पहिल्या मशीनवर चालवून दाखवायला मी येईन. त्याचे काही मानधन नको. लॅब असिस्टंट सोबत असावेत, म्हणजे पुढे मी नसलो तरी त्यांना हे करता येईल. त्याआधी आपल्याकडून सर्व्हरसाठी एक मशीन, त्याला एक कायमचा आयपी पत्ता आणि फायरवॉलचे वर लिहिलेले बदल एवढे व्हावे. चालू सत्राची सबमिशन सुरू होण्याआधी उत्तर मिळावे, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
यंत्र अभियांत्रिकी विभागाचा एक माजी विद्यार्थी
मकरपुरा, बडोदे